पॉझिटिव्ह म्हणजे किती? आत्महत्येच्या स्क्रीनिंगवरून बेस रेट शिकवताना

प्रश्न: आमच्या मानसोपचार विभागात पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी एकत्र बसतात. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी, पीपीव्हीची सूत्रे सगळ्यांना पाठ आहेत. तरी वॉर्डात स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आले की गडबडतात आणि निगेटिव्ह आले की निर्धास्त होतात. आत्महत्येच्या स्क्रीनिंग टूल्सचेच उदाहरण घेऊन बेस रेट कसा शिकवावा? दीड तासाचे एकच सत्र मिळणार आहे.

उत्तर:

दीड तासात एकच अभ्यास नीट उलगडा: अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला. अमेरिकेत ह्यूस्टनला माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभागात भरती झालेले ४,८०० रुग्ण त्यांनी घेतले. आत्महत्येशी संबंध असल्याचे त्या काळी मानले जाई त्यातल्या बहुतेक मापनपट्ट्या प्रत्येक रुग्णावर वापरल्या आणि पुढे चार ते सहा वर्षे त्यांचे काय झाले ते पाहिले. सुरुवातीच्या माहितीवरून ८०३ जण जास्त धोक्याचे ठरले होते. पुढच्या काळात एकूण ६७ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि त्यातले ३० त्या ८०३ मधले होते.

वर्गासाठी हा अभ्यास सोयीचा आहे, कारण यातले आकडे पूर्णांक आहेत आणि निष्पत्ती म्हणून मृत्यूच मोजला आहे, दुसरी प्रश्नावली नव्हे. शिवाय हे भरती झालेले मानसोपचाराचे रुग्ण आहेत, म्हणजे बेस रेट, मुळात ती घटना किती जणांत घडते ते प्रमाण, तुमच्या ओपीडीपेक्षा जास्तच असणार. भाकीत करणाऱ्याला इतकी अनुकूल जागा क्वचित मिळते, म्हणून "आमचे पेशंट वेगळे असतात" ही पळवाट विद्यार्थ्यांना राहत नाही.

सत्राचा विषय आदल्या दिवशी सांगून ठेवा. वर्गातल्या कुणाचा रुग्ण किंवा घरचे माणूस असे गेलेले असू शकते. ज्याला बसायचे नसेल त्याला कारण न विचारता सूट द्या, आणि एखाद्या मृत्यूची हकीकत वर्गात उदाहरण म्हणून सांगू नका. या विषयाला आकडे पुरेसे आहेत.

पहिली दहा मिनिटे फळ्यावर काही लिहू नका. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या आणि विचारा: "मानसोपचार विभागात भरती झालेल्यांपैकी तज्ज्ञांनी 'हाय रिस्क' ठरवलेले १०० जण घ्या. पुढच्या पाच वर्षांत त्यातले किती जण आत्महत्येने दगावतील?" नाव न लिहिता फक्त आकडा. चिठ्ठ्या गोळा करून सगळे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि सत्र संपेपर्यंत पुसू नका. मनातला अंदाज कागदावर उतरल्याशिवाय पुढचा आकडा कुणालाच खटकत नाही. "हो, कमीच असणार" असे म्हणून मंडळी मोकळी होतात.

मग चौकट भरायला घ्या. भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकूण ४,८००. मग त्यातले दगावलेले ६७ आणि न दगावलेले ४,७३३. यानंतर हाय रिस्क ८०३, आणि उरलेले लो रिस्क ३,९९७. शेवटी आतला एकच आकडा, ३०, तुम्ही द्या. बाकीचे तीन विद्यार्थ्यांनी वजाबाकीने काढायचे.

| | आत्महत्येने मृत्यू | तसा मृत्यू नाही | एकूण |
|---|---|---|---|
| हाय रिस्क | ३० | ७७३ | ८०३ |
| लो रिस्क | ३७ | ३,९६० | ३,९९७ |
| एकूण | ६७ | ४,७३३ | ४,८०० |

चौकट पूर्ण झाल्यावर दोन मिनिटे गप्प बसा. कुणीतरी ३७ कडे बोट दाखवतेच: लो रिस्क गटात हाय रिस्कपेक्षा जास्त माणसे गेली. हे त्यांचे त्यांना दिसू द्या, तुम्ही आधी सांगू नका. त्याचे कारणही त्यांच्याकडूनच काढून घ्या. हाय रिस्क गटात मृत्यूचे प्रमाण शंभरात जवळपास चार आहे आणि लो रिस्क गटात शंभरात एकाहून थोडे कमी. म्हणजे धोका खरोखरच चौपट आहे, चाचणीला काहीतरी कळते आहे. पण लो रिस्क गट पाचपट मोठा आहे. छोट्या धोक्याला मोठ्या गटाने गुणले की आकडा पुढे जातो. बेस रेटचा अर्धा धडा या एका गुणाकारात आहे.

आता गुणोत्तरे काढा, पण सूत्र लिहू नका. प्रत्येक अपूर्णांक "इतक्यांपैकी इतके" असा मोठ्याने वाचायला लावा. दगावलेल्या ६७ पैकी ३० जण हाय रिस्क होते, म्हणजे ४५ टक्के, ही सेन्सिटिव्हिटी. न दगावलेल्या ४,७३३ पैकी ३,९६० लो रिस्क होते, ८४ टक्के, ही स्पेसिफिसिटी. हाय रिस्क ८०३ पैकी ३० दगावले, ३.७ टक्के, ही पीपीव्ही. लो रिस्क ३,९९७ पैकी ३,९६० दगावले नाहीत, ९९.१ टक्के, ही एनपीव्ही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे भाजक बदलतो. विद्यार्थी उभ्या रांगेतला भाजक घेतो आणि त्याला पीपीव्ही म्हणतो. "पीपीव्ही ४५ टक्के" असे उत्तर आले की समजा तो ६७ ने भागतो आहे. सूत्र पुन्हा सांगून ही चूक जात नाही. त्याला विचारा: "तुझ्यासमोर आत्ता कोण बसले आहे? जो पुढे दगावणार आहे तो, की ज्याचा स्कोअर जास्त आला आहे तो?" ओपीडीत आपल्याला फक्त आडवी रांग माहीत असते. उभी रांग कोणती, हे कळेपर्यंत पाच वर्षे उलटून गेलेली असतात. सेन्सिटिव्हिटी संशोधकाच्या कामाची आणि पीपीव्ही खुर्चीत बसलेल्या डॉक्टरच्या कामाची, हा फरक या प्रश्नातून पक्का होतो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे आणि तिच्यावर दहा मिनिटे खर्च करायला हरकत नाही. ९९.१ टक्के एनपीव्ही पाहून वर्ग खूश होतो: "म्हणजे निगेटिव्ह आले तर चाचणी चांगली आहे." त्यांना सांगा, आता चाचणी फाडून टाका आणि डोळे मिटून सगळ्या ४,८०० जणांना "हा दगावणार नाही" म्हणा. किती वेळा बरोबर ठराल? ४,७३३ वेळा, ९८.६ टक्के. इतक्या खटपटीने मिळालेला निर्धास्तपणा ९८.६ वरून ९९.१ वर गेला, एवढीच चाचणीची कमाई. लागलीच एकूण अचूकताही काढायला लावा. चाचणी ३० अधिक ३,९६० म्हणजे ३,९९० वेळा बरोबर, ८३ टक्के. काहीच न करणारा ९८.६ टक्के बरोबर. घटना दुर्मीळ असली की एनपीव्ही आणि एकूण अचूकता हे दोन्ही आकडे चाचणीबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. ते मुख्यतः बेस रेटच सांगतात. एखाद्या टूलच्या माहितीपत्रकात नेमके हेच दोन आकडे ठळक छापलेले असतील तर विद्यार्थ्याने सावध व्हायला हवे.

इथवर पंचेचाळीस मिनिटे जातात. पुढे चाचणी तीच ठेवून फक्त माणसे बदला. अशी एक काल्पनिक चाचणी धरा जिची सेन्सिटिव्हिटी ८० आणि स्पेसिफिसिटी ९० टक्के आहे, म्हणजे पोकॉर्नींच्या निकालापेक्षा बरीच सरस.

ती आधी सर्वसाधारण लोकसंख्येत लावा. एनसीआरबी या राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीत भारतात लाखामागे १२.४ आत्महत्या नोंदल्या आहेत. प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा जास्त असण्याचा संभव आहे, पण गणितासाठी १२ घ्या. एक लाख लोकांत १२ पैकी सुमारे १० जण चाचणी पकडेल आणि उरलेल्या ९९,९८८ मधल्या दहाव्या हिश्शाला, म्हणजे जवळजवळ १०,००० जणांना, खोटे पॉझिटिव्ह ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या हजारात एक.

मग तीच चाचणी मानसोपचार वॉर्डातून डिस्चार्ज मिळालेल्यांत लावा. २०१७ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला दर लाख व्यक्ती-वर्षांमागे ४८४ आहे, सर्वसाधारण दराच्या कितीतरी पट. एक लाखात ३८७ जण पकडले जातील, खोटे पॉझिटिव्ह ९,९५२. शंभरात जेमतेम चार. चाचणीत काडीचाही बदल झाला नाही, माणसे बदलली म्हणून पीपीव्ही जवळपास चाळीसपट झाली. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले ९६ जण त्या वर्षी आत्महत्येने जाणार नाहीत.

तिसऱ्या फेरीत माणसे तुमच्या ओपीडीतली घ्या आणि मोजायची गोष्ट बदला. मृत्यूऐवजी "आज मनात आत्महत्येचा विचार आहे का" हे शोधायचे आहे असे धरा आणि हजारात २०० जणांच्या मनात तो आहे असे माना. पकडले १६०, खोटे पॉझिटिव्ह ८०, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांच्या मनात तो विचार खरेच आहे. हीच चाचणी आता चांगली वाटू लागते आणि या कामासाठी ती चांगली आहेच.

प्रसिद्ध टूल्सच्या आकड्यांबद्दलचा गोंधळ इथेच सोडवता येतो. एएसक्यू हे आत्महत्येच्या स्क्रीनिंगचे चार प्रश्नांचे टूल २०१२ साली अमेरिकेतल्या मुलांच्या तीन आपत्कालीन विभागांत तपासले गेले. सेन्सिटिव्हिटी ९६.९ आणि स्पेसिफिसिटी ८७.६ टक्के. विद्यार्थी विचारतात, पोकॉर्नींना ४५ टक्के आणि यांना ९७ कसे? उत्तर असे की एएसक्यूची तुलना आत्महत्येच्या विचारांच्या एका सविस्तर प्रश्नावलीशी, त्याच भेटीत, केली होती. पुढे कोण दगावेल हा प्रश्नच तिथे नव्हता. त्याच अभ्यासात निगेटिव्ह निकालाचा भरवसा इतर आजारांसाठी आलेल्या मुलांत ९९.७ टक्के होता आणि मानसिक तक्रारी घेऊन आलेल्यांत ९६.९. यातही बेस रेट बोलतो आहे, हे आता वर्गाला न सांगता कळायला हवे. म्हणून कुठलाही आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायची सवय लावा: कशाचे भाकीत, कोणत्या माणसांत, किती काळासाठी?

"कशाचे" हा प्रश्न ठसवायला पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण तो प्रत्येक विद्यार्थी रोज वापरतो. ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ८४,००० हून अधिक बाह्यरुग्णांची माहिती तपासली. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार "अजिबात नाहीत" म्हणणाऱ्यांत वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न करणारे ०.४ टक्के होते आणि "जवळजवळ रोज" म्हणणाऱ्यांत ४ टक्के. मृत्यूचे आकडे अनुक्रमे ०.०३ आणि ०.३ टक्के. हे हजार आणि दहा हजारांत मांडायला लावा: प्रयत्न हजारात ४ विरुद्ध ४०, मृत्यू दहा हजारांत ३ विरुद्ध ३०. दोन्हीकडे धोका दहापट. "दहापट धोका" एवढेच वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात. पण एकीकडे रोज विचार येणाऱ्या हजारातले ९६० जण वर्षभरात प्रयत्न करत नाहीत आणि दुसरीकडे ९९७ जण आत्महत्येने दगावत नाहीत. पट सांगताना मूळ आकडा सोबत नसेल तर ते विधान अपुरे समजायचे, हा नियम वर्गात घालून द्या.

हुशार विद्यार्थी या टप्प्यावर दोन आक्षेप घेतात. दोन्ही रास्त आहेत, त्यांना टाळू नका.

पहिला: हाय रिस्क ठरलेल्यांवर जास्त लक्ष दिले गेले असेल, म्हणून त्यातले बरेच वाचले आणि पीपीव्ही खोटीच कमी दिसते. असे होऊ शकते. मग गणित करा. समजा उपचारांमुळे निम्मे मृत्यू टळले, म्हणजे एरवी ३० ऐवजी ६० जण गेले असते. ८०३ पैकी ६०, साडेसात टक्के. उपचारांचा इतका मोठा परिणाम गृहीत धरूनही शंभरातल्या ९२ जणांबाबत भाकीत चुकतेच. आक्षेपाने आकडा हलतो, पण निष्कर्ष बदलत नाही.

दुसरा: कट-ऑफ वाढवू, म्हणजे खोटे पॉझिटिव्ह कमी होतील. होतील, पण समजा सर्वात वरचे १०० जणच निवडले आणि त्यातले ८ दगावले, तर पीपीव्ही दुप्पट होईल आणि ६७ पैकी ५९ जण तुमच्या यादीच्या बाहेर असतील. कट-ऑफ सरकवून एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला जाते. चाळीस वर्षांत नवी टूल्स आल्यानेही हे फारसे बदललेले नाही. २०१७ साली कार्टर आणि सहकाऱ्यांनी अनेक मापनपट्ट्यांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा आत्महत्येसाठी पीपीव्ही ५.५ टक्के निघाली, आणि स्वतःला इजा करण्याच्या कृतीसाठी २६.३ टक्के. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते, म्हणून तिचे भाकीत सोपे.

शेवटची वीस मिनिटे मात्र राखून ठेवाच. सत्र इथेच संपवले तर विद्यार्थी "मग स्क्रीनिंग निरुपयोगी आहे" असे समजून उठतात, आणि हा समज पहिल्या अज्ञानापेक्षा धोकादायक आहे. खोट्या पॉझिटिव्हची किंमत पॉझिटिव्हनंतर आपण काय करतो यावर ठरते. पोकॉर्नींच्या चौकटीत एका खऱ्यामागे २६ खोटे आहेत. पॉझिटिव्ह म्हणजे भरती, असा नियम केला तर एका माणसासाठी २६ जण विनाकारण वॉर्डात अडकतात आणि पुढच्या वेळी खरे सांगत नाहीत. पॉझिटिव्ह म्हणजे अर्धा तास शांतपणे बोलणे, विचार वाढले तर रुग्णाने काय करायचे याचा सुरक्षा आराखडा लिहिणे आणि दोन दिवसांनी फोन करणे असे ठरवले, तर त्या २६ जणांचेही भलेच होते. २०१८ साली स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आराखडा आणि फोन यांचा एकत्र परिणाम पाहिला. सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन नेहमीच्या सेवेत ५.२९ टक्के रुग्णांत दिसले आणि या गटात ३.०३ टक्के. रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, त्यामुळे आकडा जपून वापरायचा, पण हजारात ५३ विरुद्ध ३० हा फरक इतक्या कमी खर्चात मिळत असेल तर शंभरात चार पीपीव्हीसुद्धा कामाची ठरते.

याउलट लो रिस्क शिक्क्यावरून सेवा नाकारणे हे या चौकटीत अजिबात बसत नाही, कारण ३७ जण तिथेच आहेत. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत नेमके हेच सांगितले: पुढची आत्महत्या किंवा स्वतःला इजा करण्याची पुनरावृत्ती यांचे भाकीत करायला मापनपट्ट्या वापरू नका, आणि कुणाला उपचार द्यायचे ते हाय, मीडियम, लो अशा शिक्क्यांवरून ठरवू नका. प्रत्येकाच्या गरजा पाहा.

हे केसपेपरवर कसे उतरते ते वर्गातच लिहून घ्या. "पीएचक्यू-९: १७, सुसाइड रिस्क मॉडरेट" एवढी नोंद पुढच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. त्याऐवजी: "दोन आठवडे मरणाचे विचार रोज येतात. योजना केलेली नाही म्हणतात. घरात फवारणीचे औषध आहे; ते आज घरातून हलवायचे भावाने कबूल केले. रात्री झोप नाही, संध्याकाळनंतर विचार वाढतात. सुरक्षा आराखडा लिहून दिला, एक प्रत भावाकडे. टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ दिला. शनिवारी फोन, मंगळवारी भेट." यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यावर कुणाला तरी काहीतरी करता येते.

नातेवाइकांशी काय बोलायचे तेही एकदा म्हणून पाहायला लावा. आई विचारते, "डॉक्टर, टेस्ट चांगली आली ना, मग आता काळजी नाही ना?" विद्यार्थी "काळजी नाही" म्हणून मोकळा होतो, किंवा टक्केवारी सांगत सुटतो. दोन्ही थांबवा. असे सांगता येते: "आई, आज त्याच्या मनात तसे विचार नाहीत असे तो सांगतोय, ही चांगली गोष्ट आहे. पण पुढचे या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हा आराखडा घरी ठेवा, आणि तो गप्प-गप्प राहू लागला, झोप उडाली किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच घेऊन या."

विद्यार्थ्यांना समजले की नाही हे त्याच दिवशी तपासू नका, त्या दिवशी सगळ्यांनाच येते. दोन आठवड्यांनी पाच मिनिटांचा एकच प्रश्न द्या: "एका कॉलेजात २,००० विद्यार्थ्यांचे स्क्रीनिंग झाले. टूलची सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी ९० टक्के. २२० जण पॉझिटिव्ह आले. प्राचार्यांना या २२० जणांच्या नावांची यादी हवी आहे. तुम्ही काय विचाराल आणि काय कराल?" जो लगेच पीपीव्ही काढायला बसतो त्याला अजून धडा कळलेला नाही. ते टूल नेमके काय ओळखते, मृत्यू, प्रयत्न की विचार, हे प्रश्नात दिलेलेच नाही, हे त्याने आधी विचारायला हवे. जो ते विचारतो आणि मग "विचार" धरून मागे जातो, त्याला दिसते की २,००० पैकी २५ जणांच्या मनात तसे विचार असतील तर सुमारे २२ पकडले जातील आणि १९८ खोटे पॉझिटिव्ह येतील, म्हणजे यादीतल्या दहापैकी नऊ जणांवर विनाकारण शिक्का बसेल. तो यादी प्राचार्यांकडे पाठवणार नाही. त्या २२० जणांशी एकेकट्याने कोण बोलणार आणि आठवड्याभरात तेवढी माणसे आपल्याकडे आहेत का, हे तो विचारेल. आणि नसतील, तर २,००० जणांचे स्क्रीनिंग एकदम कशासाठी केले, असेही विचारेल.